‘नोंदवले जाईल’, पण कोण नोंदवणार?

संशोधन प्रस्तावाच्या शेवटी दोन पानांचा डेटा व्यवस्थापन आराखडा जोडण्याची पद्धत आता आपल्याकडच्या महाविद्यालयांतही रुळू लागली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०११ मध्ये असा आराखडा सक्तीचा केला. सार्वजनिक पैशातून गोळा झालेली माहिती लोकांपर्यंत पोहोचली पाहिजे, हे तत्त्व भारत सरकारने २०१२ च्या डेटा सामायिकीकरण धोरणात मान्य केले. तत्त्वाबद्दल माझा वाद नाही. माझी तक्रार अशी आहे की ही दोन पाने बहुतेक वेळा जुन्या प्रस्तावातून उचलून चिकटवली जातात, आणि ज्या प्रस्तावाला ती जोडलेली असतात त्याच्याशी त्यांचा काहीही संबंध नसतो. आराखडा प्रस्तावातूनच, वाक्यावाक्यातून काढला पाहिजे. तो अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी काढला पाहिजे. आणि ज्या प्रस्तावातून तो काढताच येत नाही तो प्रस्ताव परत पाठवला पाहिजे, असे माझे मत आहे. तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात असे प्रस्ताव तपासताना ते बनले आहे. त्यातलाच एक प्रस्ताव येथे उलगडून दाखवतो.

प्रस्ताव खारपाणपट्ट्यातला होता. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते पिता येत नाही आणि अनेक ठिकाणी पिकालाही चालत नाही. दर्यापूर तालुक्यातल्या १२ गावांत तीन वर्षे काम करायचे होते. प्रस्तावातली चार वाक्ये मी जशीच्या तशी उतरवून घेतली होती. ‘६० विहिरींची पाणीपातळी व क्षारता वर्षातून चार वेळा मोजली जाईल.’ ‘२४० कुटुंबांच्या पाणीवापराची व आरोग्याची माहिती नोंदवली जाईल.’ ‘४० ज्येष्ठ शेतकऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या जातील.’ ‘निष्कर्ष ग्रामपंचायतींना उपलब्ध करून दिले जातील.’

चारही वाक्ये कर्मणी प्रयोगात आहेत. प्रस्तावाच्या भाषेत तसेच लिहिण्याचा रिवाज आहे आणि त्यात वरकरणी काही वावगे दिसत नाही. परंतु कर्मणी प्रयोगात कर्ता लपतो, आणि डेटाच्या बाबतीत जे काही बिघडते ते नेमके त्या लपलेल्या कर्त्याच्या जागी बिघडते. म्हणून माझी पहिली पायरी साधी असते. प्रस्तावातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची, त्याचे कर्तरी वाक्य करायचे आणि त्यातून कोणती फाइल जन्माला येते ते समोर लिहायचे. ‘मोजली जाईल’ याचे ‘प्रकल्प सहायक विहिरीवर जाऊन टेपने खोली मोजेल, फोनमधल्या अर्जात आणि वहीत लिहील’ असे केले की एका क्रियापदातून चार गोष्टी निघतात. मोजमापांचा तक्ता, विहिरींची यादी, विहिरीचे फोटो आणि क्षारतामापकाच्या तपासणीची नोंद. यातली शेवटची गोष्ट प्रस्तावात कुठेच नव्हती. क्षारतामापक ठरावीक प्रमाणित द्रावणात बुडवून वेळोवेळी तपासावा लागतो, आणि ती नोंद नसेल तर दुसऱ्या वर्षी पाणी जास्त खारे झाले की यंत्र बिघडले, हे पुढे कोणालाही सांगता येत नाही.

साठवणुकीविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण जागेची चिंता बहुधा अनाठायी असते. ६० विहिरी, वर्षातून चार फेऱ्या आणि तीन वर्षे म्हणजे ७२० ओळी, ज्यांना एखाद्या फोटोइतकीही जागा लागत नाही. प्रत्येक भेटीचे दोन फोटो धरले तर १४४० फोटो आणि सुमारे साडेचार जीबी. ४० तासांच्या मुलाखती चांगल्या प्रतीच्या ध्वनिफाइलमध्ये ठेवल्या तरी १३ जीबीच्या आत. सगळे मिळून २० जीबीही होत नाही, आणि तीन प्रती केल्या तरी ६० जीबी. प्रस्तावात मात्र स्वतंत्र सर्व्हरची मागणी होती. खरा धोका मधल्या टप्प्यात, म्हणजे शेतातल्या फोनपासून कार्यालयातल्या संगणकापर्यंतच्या वाटेवर असतो. मी स्वतः ज्या सर्वेक्षणात काम केले होते त्यात रेंज नसल्यामुळे तीन गावांचे भरलेले अर्ज फोनमध्येच पडून राहिले. फोन चार्ज होईना म्हणून सहायकाने तो दुरुस्तीला दिला, दुकानदाराने तो पुसून परत केला आणि तीन गावे गेली. अर्ज ‘पूर्ण’ झालेले होते, फक्त ‘पाठवलेले’ नव्हते, आणि हा फरक कोणाच्याही आराखड्यात लिहिलेला नव्हता. आता मी एक वाक्य आग्रहाने लिहायला लावतो: मुक्काम सोडण्यापूर्वी पर्यवेक्षक त्या दिवशीच्या वहीतल्या विहिरींची संख्या आणि सर्व्हरवर पोहोचलेल्या अर्जांची संख्या जुळवेल, आणि रेंज नसेल तर त्याच रात्री फोनमधली फाइल पेनड्राइव्हवर उतरवेल. दोन आकडे जुळवायला पाच मिनिटे लागतात.

स्वरूपाच्या प्रश्नावर मात्र थांबायला हवे, कारण येथे माहिती हरवत नाही, ती खोटी होते. मे महिन्यात एका गावातल्या पाच विहिरी मोजल्या असे समजा. तीन विहिरींत पाणी जमिनीपासून १४, १५ आणि १६ मीटर खोल आहे आणि दोन विहिरी कोरड्या आहेत. सहायक कोरड्या विहिरीपुढे प्रामाणिकपणे शून्य लिहितो, कारण पाणी शून्य आहे. पण त्या रकान्याचा अर्थ ‘पाणी किती खोल आहे’ असा आहे. तेथे शून्य म्हणजे विहीर काठोकाठ भरलेली. पाचांची सरासरी ९ मीटर निघते, पाणी असलेल्या तीन विहिरींची १५ मीटर असताना. आणि ती १५ सुद्धा वस्तुस्थितीपेक्षा बरी आहे, कारण कोरड्या विहिरींखालचे पाणी त्यांच्या तळापेक्षाही खाली गेलेले आहे. जितक्या जास्त विहिरी आटतील तितके गाव तक्त्यात पाणीदार दिसेल. ही चूक ओळखण्याची खूण अशी की उन्हाळ्याच्या फेरीत सर्वांत लहान आकडा शोधायचा. मे महिन्यात शून्य दिसला की वही उघडायची. ती होऊच नये म्हणून स्थितीसाठी वेगळा रकाना ठेवायचा आणि कोरड्या विहिरीच्या खोलीची जागा रिकामी सोडायची. प्रस्तावाच्या लेखकांना मी हा नमुना करून दिला होता:

```
vihir_id,tarikh,kholi_m,sthiti,ec_us_cm,mapak_id
V0417,2025-05-14,,kordi,,EC02
V0418,2025-05-14,14.35,pani,3860,EC02
```

या तीन ओळींत आणखी काही निर्णय दडलेले आहेत. तारीख वर्षापासून सुरू होते, कारण ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे हे संगणक आपल्या मर्जीने ठरवतो, आणि खारपाणपट्ट्यात त्या दोन तारखांच्या मध्ये पाऊस येऊन गेलेला असू शकतो. आकडे इंग्रजी आहेत, कारण देवनागरीत टंकलेला आकडा डोळ्यांना बरोबर दिसतो पण अनेकदा बेरजेत धरला जात नाही. गावाच्या नावाऐवजी क्रमांक आहे, कारण एकाच नावाची दोन गावे शेजारच्या तालुक्यांत सापडतात आणि एकाच गावाचे नाव तीन सहायक तीन प्रकारे लिहितात. जेथे मराठी मजकूर असेल तेथे तो युनिकोडमध्येच हवा आणि फाइल `CSV UTF-8` म्हणून साठवली पाहिजे. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टंकलेली आमच्याकडची कितीतरी सर्वेक्षणे आज नव्या संगणकावर उघडली की नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते, आणि ज्या केंद्रावर ती टंकली गेली ते केंद्रच आता राहिलेले नसते.

क्षारतेच्या रकान्याचे नाव विद्युतवाहकतेचे आहे, विरघळलेल्या क्षारांचे नाही, हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. खिशातले स्वस्त मापक पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिला एका गुणकाने गुणून क्षारांचा आकडा दाखवते. हा गुणक मापकागणिक साधारण ०.५ ते ०.७ इतका वेगळा असतो. ३००० वाहकतेचे पाणी एका मापकावर लिटरला १५०० मिलिग्रॅम दिसेल, तर दुसऱ्यावर २१००. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पर्यायी स्रोत नसेल तेथे चालवून घेण्याची कमाल मर्यादा २००० आहे. म्हणजे एकच विहीर एका मापकाने मर्यादेत बसते आणि दुसऱ्याने बाहेर जाते. यंत्राने प्रत्यक्ष जे मोजले तेच नोंदवायचे आणि हिशेब नंतर करायचा, हा नियम आराखड्यात एका ओळीत मावतो. खोली विहिरीच्या कठड्यापासून मोजली की जमिनीपासून, हे लिहून ठेवणे तितकेच आवश्यक आहे. मधल्या काळात शेतकऱ्याने कठडा दोन फूट उंच बांधून घेतला तर पाणी न हलताही पातळी दोन फूट खाली गेलेली दिसते.

आता सामायिकीकरणाकडे येतो. आराखड्यात ‘सर्व डेटा खुला केला जाईल’ असे होते, आणि त्याच प्रस्तावाच्या परिशिष्टातल्या संमतीपत्रात ‘आपली माहिती पूर्णपणे गुप्त ठेवली जाईल व प्रकल्प संपल्यावर नष्ट केली जाईल’ असे होते. दोन्ही वाक्ये चांगल्या हेतूने लिहिलेली, दोन वेगवेगळ्या जुन्या कागदांतून आलेली, आणि एकमेकांना छेद देणारी. सही संमतीपत्रावर होते, आराखड्यावर नाही. म्हणून एकदा २४० कुटुंबांनी तशी सही केली की आराखड्यातले वचन रद्द झाल्यातच जमा असते. पुढे कोणी कितीही आग्रह धरला तरी तो डेटा नैतिकदृष्ट्या खुला करता येत नाही. आराखडा आणि संमतीपत्र एकाच बैठकीत, एकाच हाताने लिहिले पाहिजे.

पण काय खुले करायचे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. भूजलाच्या अभ्यासकाला विहिरीचे अचूक स्थान हवे असते, त्याशिवाय क्षारतेचा नकाशा काढता येत नाही. दुसरीकडे, विहिरीचे अचूक स्थान म्हणजे गट नंबर, गट नंबर म्हणजे सातबारा आणि सातबारा म्हणजे मालकाचे नाव. आणि सातबारा तर आता घरबसल्या पाहता येतो. नाव गाळले म्हणजे ओळख गेली, हे शहरातल्या सर्वेक्षणात कदाचित खपेल, आमच्याकडे खपत नाही. या कामाच्या निमित्ताने एका गावातल्या पारावर बसलो असता एका वयस्क शेतकऱ्याने मला सांगितले, ‘आमची विहीर खारी हाय हे साऱ्या गावाले माहीत हाय, सर. पन ते कागदावर आलं का वावराचा भाव पडते.’ नीतिसमितीच्या कागदपत्रांत मी हा धोका कुठे वाचला नव्हता. तेथे आजाराची, जातीची, उत्पन्नाची गुप्तता असते; विहिरीच्या पाण्याची नसते. त्याच कुटुंबाच्या सर्वेक्षणात कोणाला मूत्रपिंडाचा त्रास आहे हेही नोंदलेले असेल आणि दोन्ही तक्ते एकाच क्रमांकाने जोडलेले असतील, तर एका विहिरीच्या ठिपक्यावरून घरातल्या आजारापर्यंत कोणीही पोहोचू शकतो. मग त्या घरच्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत तो विषय जायला किती वेळ लागतो, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून मी तीन थर सुचवले. विहिरींची मोजमापे गावाच्या नावासह, पण अचूक स्थानाशिवाय, सर्वांना खुली. अचूक स्थान फक्त लेखी करार करणाऱ्या अभ्यासकाला, आणि तेही ज्या शेतकऱ्याने त्याला वेगळी संमती दिली आहे त्याच्याच विहिरीचे. कुटुंबांचे तक्ते वेगळ्या क्रमांकमालिकेत, आणि दोन मालिका जोडणारी किल्ली पासवर्ड घातलेल्या स्वतंत्र फाइलमध्ये, जी कोणत्याही परिस्थितीत बाहेर जाणार नाही. स्थानाचे दशांश कमी करून भागेल असे एका सहकाऱ्याने सुचवले. दोन दशांशांवर स्थान साधारण एक किलोमीटरने धूसर होते. परंतु ज्या शिवारात एक किलोमीटरच्या टापूत आपली एकच विहीर आहे तेथे ती धूसरता निरर्थक ठरते, म्हणून ते मी मान्य केले नाही. ही रचना नकाशा काढणाऱ्यांची गैरसोय करते, हे मला कबूल आहे. सरकारी निरीक्षण विहिरींची माहिती खुली असते, मग याच विहिरींचे काय, असा प्रश्नही रास्त आहे. माझे उत्तर इतकेच की खाजगी विहिरीचा मालक तेथे राहतो, आणि निर्णय त्याला विचारून झाला पाहिजे.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा संशोधनाला सवलत देतो, म्हणून हे सगळे अनावश्यक आहे, असाही युक्तिवाद ऐकू येतो. सवलत आहे, पण ती अटींसह आहे. विहित मानके पाळली पाहिजेत, आणि त्या माहितीचा वापर एखाद्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी होता कामा नये. या प्रस्तावात एक वाक्य असे होते की मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या कुटुंबांची यादी योजनांच्या लाभासाठी संबंधित यंत्रणेला कळवली जाईल. हेतू भला होता. पण तो व्यक्तीविषयीचा निर्णयच आहे, आणि ते एक वाक्य तसेच राहिले असते तर त्या नोंदींपुरता सवलतीचा आधार निसटला असता. त्याऐवजी सर्वेक्षकाने त्या कुटुंबाला तपासणी केंद्राची माहिती हातात द्यावी आणि पुढचे पाऊल त्यांनी स्वतः उचलावे, असे आम्ही लिहिले.

जतन किती वर्षे, याला सरसकट ‘दहा वर्षे’ हे उत्तर सगळे देतात. दहा वर्षे कशाची आणि कोणत्या दिवसापासून, हे कोणी सांगत नाही. पाणीपातळीच्या ओळी कधीच नष्ट करू नयेत, कारण त्यांची किंमत वयाबरोबर वाढते. त्या एखाद्या सार्वजनिक भांडारात ठेवल्या की स्थायी क्रमांक मिळतो; युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेतर्फे चालणारे झेनोडो असे एक विनाशुल्क भांडार आहे. जोडणारी किल्ली याच्या उलट, शेवटची पडताळणी झाली की एका वर्षात नष्ट करावी आणि नष्ट केल्याची नोंद दोघांच्या सहीने ठेवावी. जबाबदारी नावाने न लिहिता पदाने लिहावी. प्राध्यापक निवृत्त होतात, त्यांचे महाविद्यालयीन ईमेल खाते बंद होते आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो, हे मी दोनदा पाहिले आहे.

मुलाखतींच्या बाबतीत मी रूढ सल्ल्याच्या विरोधात आहे. लेखी प्रत तयार झाली की मूळ ध्वनिफाइल पुसावी, असे बहुतेक आराखडे म्हणतात, कारण गावात आवाजावरून माणूस ओळखू येतो. पण १९७२ च्या दुष्काळात विहीर किती परस खोदली आणि गोडे पाणी कोणत्या थराला लागले, हे वऱ्हाडीत सांगणारा माणूस पुन्हा भेटणार नाही, आणि लेखी प्रतीत त्याची वऱ्हाडी बहुतेकदा प्रमाण मराठीत सरळ केलेली असते. आपला आवाज ठेवायचा की पुसायचा, हे त्यालाच स्वतंत्रपणे विचारावे. लेखी प्रतीचा हिशेबही प्रस्तावात नव्हता. एक तासाची मुलाखत उतरवायला चार ते सहा तास लागतात. ४० तासांना १६० ते २४० तास, म्हणजे एका माणसाचे २० ते ३० पूर्ण दिवस, आणि अंदाजपत्रकात त्यासाठी एक रुपयाही नव्हता.

राहिले चौथे वाक्य. ‘निष्कर्ष ग्रामपंचायतींना उपलब्ध करून दिले जातील.’ त्याचे कर्तरी रूप करायला सर्वांत जास्त वेळ लागला. शेवटी ठरले ते असे: माहिती भांडारात जाण्याच्या आधी प्रकल्प सहायक प्रत्येक गावासाठी एका पानाचा मराठी तक्ता घेऊन ग्रामसभेत जाईल, तो वाचून दाखवेल आणि हरकतींसाठी १५ दिवस थांबेल, आणि ज्याची विहीर आहे त्याला त्याच्या विहिरीच्या बारा मोजण्यांचे कार्ड वेगळे, त्याच्याच हातात देईल. या कामाला १२ गावांचे १२ दिवस आणि प्रवासखर्च लागतो. तो आणि मुलाखती उतरवण्याचा खर्च बसवायला सर्व्हरची मागणी काढली. तरीही पैसे कमी पडले, तेव्हा विहिरी ६० वरून ५४ केल्या. मोजमापे ७२० ऐवजी ६४८ होतील. प्रस्तावाच्या लेखकांना हे आवडले नाही, आणि कोणत्या सहा विहिरी गाळायच्या यावर अजून त्यांचे एकमत झालेले नाही.